फिकट प्रोजेक्टरवर वाचता येतील असे स्लाइडचे रंग

इंदूरला आमच्या शाळेत दहावीच्या विज्ञानासाठी जो प्रोजेक्टर आहे, तो बऱ्याच वर्षांचा आहे. त्याचा दिवा अजून जळतो, पण नवा असताना जेवढा उजेड द्यायचा तेवढा आता देत नाही. प्रोजेक्टरच्या दिव्याचं जे आयुष्य तासांत छापलेलं असतं, ते तो विझेपर्यंतचं नसतं. साधारणपणे त्याचा उजेड मूळच्या निम्म्यावर येईपर्यंतचे तास मोजून ते लिहिलेलं असतं. म्हणजे डब्यावर 3000 ल्युमेन लिहिलेलं यंत्र दिवा न बदलता बराच काळ वापरलं, तर हातात 1500 च्या आसपासच उरतात. त्यात आमच्या वर्गाला पश्चिमेला तीन खिडक्या आहेत आणि त्यांना पडदे नाहीत. दुपारच्या तासाला ऊन थेट आत येतं.

स्लाइडचा संच माझ्या आधीच्या मॅडमनी मेहनतीने तयार केलेला आहे. रक्ताभिसरणाचा भाग फार चांगला जमवलेला आहे, बाण एकामागून एक येतात, हृदयाची आकृती स्वतः काढलेली आहे. संगणकावर तो सुरेख दिसतो. भिंतीवर मात्र मुलं विचारायची, "मैडम, इसमें शुद्ध खून वाला कौनसा है?" आकृतीत लाल आणि निळा असे दोन रंग होते आणि वर्गात ते दोन्ही एकाच करड्या-जांभळ्या रंगाचे दिसत होते.

या धड्यात ते चालणारच नाही. मुलांच्या डोक्यात धमनी म्हणजे लाल आणि शीर म्हणजे निळी असं पक्कं बसलेलं असतं. आपल्याला शिकवायचं असतं की फुप्फुसधमनीतून मात्र ऑक्सिजन कमी असलेलं रक्त जातं, म्हणून आकृतीत ती निळी असते. हा अपवाद समजला की हृदयाचे दोन अर्धे वेगळे का असतात तेही समजतं. रंग दिसलाच नाही, तर मूल ती लालच समजून पुढे जातं आणि परीक्षेत तसंच काढतं.

नवा प्रोजेक्टर मिळायला वेळ लागणार होता, म्हणून मी रंगच बदलायचं ठरवलं. सुरुवातीला वाटत होतं की रंग जास्त भडक केले की झालं. तसं होत नाही, आणि ते का होत नाही हे समजल्यावर पुढचं काम सरळ झालं.

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. स्लाइडवर जिथे काळं आहे तिथे तो जवळजवळ काहीच टाकत नाही, आणि पडद्याचा तो भाग खोलीतल्या उजेडात जसा दिसेल तसाच दिसतो. आमच्या वर्गात दुपारी तो फिकट करडा दिसतो. खोलीतला हा उजेड पडद्यावर सगळीकडे सारखाच मिसळतो, काळ्यातही आणि पांढऱ्यातही. एकाकडे एक रुपया आहे, दुसऱ्याकडे पाच. दोघांना दहा-दहा रुपये दिले की अकरा आणि पंधरा होतात, आणि पाचपटीचा फरक दीडपटीच्याही आत येतो. गडद रंगांचं नेमकं हेच होतं. गडद निळा आणि गडद लाल संगणकावर कितीही वेगळे असले, तरी पडद्यावर दोघांतही तेवढाच मोठा पांढरा उजेड मिसळतो.

तो किती मिसळतो हे मोजता येतं. फोनवर लक्स मोजणारं एखादं साधं ॲप घ्यायचं. बहुतेक फोनचा उजेड ओळखणारा सेन्सर पुढच्या बाजूला, वर कानाजवळच्या भागात असतो. म्हणून फोन पडद्याला टेकवून त्याचं तोंड प्रोजेक्टरकडे करायचं. आधी पूर्ण काळी स्लाइड लावून आकडा बघायचा, मग पूर्ण पांढरी. फोनचा आकडा फार अचूक नसतो, पण आपल्याला दोन आकड्यांचं गुणोत्तरच हवं आहे आणि त्याला तो पुरतो. दुपारच्या तासाला माझ्याकडे काळ्यावर साधारण 150 आणि पांढऱ्यावर साधारण 600 लक्स आले. म्हणजे प्रोजेक्टरचा स्वतःचा उजेड 450 आणि खोलीचा 150, खोलीचा उजेड प्रोजेक्टरच्या एक तृतीयांश. या भिंतीवर शुद्ध काळं आणि शुद्ध पांढरं यांच्यातही फक्त चारपटीची तफावत उरते. वेबपानांसाठी साध्या मजकुराला किमान साडेचारपट तफावत हवी असा एक सर्वमान्य नियम आहे. आमच्या पडद्यावर सर्वांत चांगली जोडीसुद्धा तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून रंग निवडताना जे थोडं हातात आहे त्यातलं काहीच वाया घालवायचं नाही.

आता रंगाचा उजळपणा. आपल्या डोळ्याला हिरव्याचा उजेड सर्वांत जास्त जाणवतो, लालचा त्याहून बराच कमी आणि निळ्याचा अगदी थोडा. हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा 7 धरतात. प्रत्येक रंगाच्या सहा अक्षरी कोडमधून, उदाहरणार्थ `4472C4` मधून, लाल, हिरवा आणि निळा यांचे 0 ते 255 मधले आकडे मिळतात. ते स्प्रेडशीटमध्ये A2, B2, C2 मध्ये लिहिले आणि D2 मध्ये पुढचं सूत्र टाकून F2 पर्यंत ओढलं, की तिन्हींचं खरं प्रमाण मिळतं. G2 मध्ये त्यांची बेरीज घेतली की उजळपणा मिळतो. काळ्याचा तो 0 येतो आणि पांढऱ्याचा 1.

```
D2: =IF(A2/255<=0.04045, A2/255/12.92, ((A2/255+0.055)/1.055)^2.4)
G2: =0.2126*D2+0.7152*E2+0.0722*F2
```

दोन रंगांची पडद्यावरची तफावत काढायची तर दोन्हींच्या उजळपणात खोलीचा वाटा मिळवायचा, आमच्याकडे 0.33, आणि मोठ्याला लहानाने भागायचं.

आकृतीतला लाल `FF0000` होता, त्याचा उजळपणा 0.21 आला. निळा थीममधला नेहमीचा `4472C4`, त्याचा 0.17. दोन्हींत 0.33 मिळवून भागाकार केला तर 1.08. म्हणजे आमच्या भिंतीवर हे दोन रंग उजळपणाने जवळजवळ एकच होते. संगणकावर ते वेगळे दिसायचे ते फक्त रंगछटेच्या बळावर, आणि खोलीतला पांढरा उजेड सगळ्यात आधी रंगछटाच धुऊन टाकतो. ज्या मुलांना लाल-हिरव्यातला फरक कमी दिसतो त्यांना छटेचा आधार तसाही अपुरा पडतो. त्यामागची पार्श्वभूमी गडद निळी, `1F3864`, उजळपणा 0.04. तिच्यावरच्या लाल अक्षरांची तफावत दीडपटही येत नव्हती. अक्षरं का दिसत नाहीत, हे त्या एका आकड्यात कळलं.

पार्श्वभूमी पांढरी करायचा निर्णय याच हिशेबातून आला, पण त्यात एक बारकावा आहे. गडद निळ्यावर शुद्ध पांढरी अक्षरं असतील तर तफावत 3.6 येते, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांची 4. फरक फार नाही. तरीही मी पांढरं निवडलं, कारण आमच्या संचात गडद निळ्यावर फक्त पांढरी अक्षरं नव्हतीच. लाल होती, निळी होती, करडी होती, आणि ते सगळे रंग पार्श्वभूमीच्या जवळ सरकत होते. पांढऱ्यावर मजकुरासाठी एकच नियम पाळावा लागतो: रंगाचा उजळपणा 0.11 च्या खाली असला पाहिजे. तेवढा असला तर आमच्या खोलीत तिपटीची तफावत मिळते. काळा त्यात बसतो. जुना पार्श्वभूमीचा `1F3864` सुद्धा बसतो, म्हणून तो मी शीर्षकांसाठी ठेवला. गडद लाल `B00000` बसतो, 0.09. गडद हिरवा `006100` साधारण तिथेच येतो. सूचनांसाठी वापरलेला मधला करडा `7F7F7F` 0.21 चा आहे, तो बसत नाही आणि तो संचात सगळीकडे होता. संगणकावर सौम्य आणि नीटनेटका वाटतो म्हणून लोक तो फार वापरतात. फिकट प्रोजेक्टरवर तो मजकुरातून काढूनच टाकावा असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आता आकृती. हृदयाच्या दोन अर्ध्यांना वेगळं दाखवायचं तर एक रंग उजळ आणि एक गडद हवा, नुसते दोन वेगळे रंग पुरत नाहीत. ऑक्सिजनयुक्त रक्ताला `B00000` दिला. ऑक्सिजन कमी असलेल्या रक्ताला फिकट आकाशी `9DC3E6`, उजळपणा 0.52. पडद्यावरची तफावत 1.08 वरून 2.0 वर आली. मुलांना पाठ असलेलं लाल-निळंही तसंच राहिलं, त्यामुळे पुस्तकातल्या आकृतीशी घोळ होत नाही. आकाशी रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिका पडतो, म्हणून प्रत्येक आकाराला 3 पॉइंटची काळी कड दिली. फिकट रंगाने आतला भाग भरायचा आणि गडद कडेने आकार धरायचा, ही जोडी नकाशांना आणि तक्त्यांनाही चालते. रंगछटा मोठ्या भरलेल्या भागातच टिकते. बारीक रेघेत ती उरत नाही, म्हणून फिकट रंगाची नुसती रेघ कुठेही ठेवली नाही.

बाणांची जाडीही तपासावी लागली. आमचा प्रोजेक्टर 1024 बाय 768 ठिपक्यांचा आहे. रुंद स्लाइड 960 पॉइंटची असते. म्हणजे एक पॉइंट जवळजवळ एका ठिपक्याएवढा होतो आणि पाऊण पॉइंटची रेघ एक अख्खा ठिपकाही भरत नाही. मग यंत्र तिला करड्यात मिसळून दाखवतं आणि काळा रंग दिलेला असूनही ती पुसट दिसते. सगळे बाण 6 पॉइंटचे केले. नावं सूचीत कोपऱ्यात होती, ती काढून त्या-त्या भागावरच लिहिली: अलिंद, निलय, फुप्फुसधमनी. अक्षरं किमान 28 पॉइंट आणि ठळक. देवनागरीत हे जास्त सांभाळावं लागतं, कारण अनुस्वाराचा ठिपका आणि मात्रेची बारीक रेघ सगळ्यात आधी नाहीशी होते. Kokila आणि Aparajita हे फाँट त्याच आकड्याला इतरांपेक्षा लहान दिसतात. Nirmala UI ठळक करून वापरला तर शेवटच्या बाकावरून मात्रा ओळखू येतात. PowerPoint मध्ये सगळ्या संचातला फाँट Home → Replace → Replace Fonts मधून एकदम बदलता येतो.

प्रत्यक्ष बदलाचं काम मी थीमपासून सुरू केलं, कारण एकेक स्लाइड रंगवत बसलं तर काम संपत नाही. Design → Variants → Background Styles मधून पांढरी पार्श्वभूमी घेतली. मग Design → Variants → Colors → Customize Colors उघडलं. तिथे बारा रंगांचे चौकोन असतात. Dark 1 ला काळा, Light 1 ला पांढरा, Dark 2 ला `1F3864`, Accent 1 ला `9DC3E6`, Accent 2 ला `B00000`. Accent 1 लाच आकाशी दिला कारण आकृतीतला जुना निळा तिथूनच आला होता. जतन केलं की थीममधून घेतलेले सगळे रंग एका क्षणात बदलतात.

पण थीममधून न घेतलेले रंग जागचे हलत नाहीत, आणि आमचा `FF0000` तसाच होता. तो रंगांच्या यादीतल्या खालच्या Standard Colors या ओळीतून घेतलेला होता. ती ओळ थीमला जुमानत नाही. असे आकार हाताने शोधून Accent 2 द्यावा लागतो. एका आकाराला रंग देऊन Format Painter वर दोनदा क्लिक केलं तर तो चालूच राहतो आणि एकामागून एक आकार रंगवता येतात. Esc दाबलं की थांबतो.

दुसरी अडचण सहज लक्षात येणारी नाही. ज्या चौकटींत पांढरी अक्षरं हाताने रंगवलेली होती, ती पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसेनाशी झाली. स्लाइड रिकामी वाटते आणि आपण पुढे जातो. म्हणून प्रत्येक स्लाइडवर Ctrl+A दाबलं. तिथे असलेल्या सगळ्या चौकटींच्या कडा दिसतात, आणि जी चौकट रिकामी वाटते तिच्यात पांढरी अक्षरं दडलेली असतात. रक्तदाबाच्या स्लाइडवरचं एक अख्खं वाक्य असं सापडलं.

चित्रांचं काय करायचं? पुस्तकातून स्कॅन केलेल्या आकृत्यांना मागे करडा कागद येतो. Picture Format → Corrections मधून कॉन्ट्रास्ट वाढवला की कागद पांढरा होतो आणि रेघा काळ्या होतात. त्यातल्या रंगांना मात्र वेगळं करता येत नाही. नेफ्रॉनची आकृती मी म्हणून आकार वापरून पुन्हा काढली. वेळ लागला, पण आता तिचे रंगही थीमच्या हातात आहेत.

तपासण्यासाठी दरवेळी वर्गात जावं लागू नये म्हणून एक सोपी युक्ती वापरली. पूर्ण स्लाइड झाकणारा एक पांढरा आयत काढायचा, त्याची कड काढून टाकायची आणि Format Shape मध्ये Transparency 47% करायची. याने शुद्ध काळा साधारण त्याच करड्यावर येतो ज्यावर तो आमच्या भिंतीवर दुपारी येतो. हा आकडा आमच्या एक तृतीयांश उजेडासाठीच आहे, खोली उजळ असेल तर पारदर्शकता कमी ठेवावी लागेल. मधले रंग यात प्रत्यक्षापेक्षा जास्त फिके दिसतात, म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर ही चाचणी जरा कडक आहे. गडद पार्श्वभूमीवर ती उलट ढिली पडते, तिथे तिच्यावर भरवसा ठेवू नये. PowerPoint मधलं View → Grayscale या कामासाठी चुकीचं आहे. ते छपाईसाठी आहे, स्वतःच पार्श्वभूमी काढून टाकतं आणि सगळं ठीक असल्यासारखं दाखवतं. त्यापेक्षा स्लाइड चित्र म्हणून जतन करून, ते चित्र पुन्हा आत घेऊन Picture Format → Color मध्ये Saturation 0% करावं. लाल आणि निळा तिथे एकाच करड्यावर आले की भिंतीवरही ते एकच दिसणार.

एक गोष्ट रंगांनी सुटली नाही. फळ्याच्या अगदी वरची ट्यूबलाइट बंद केली आणि पहिल्या खिडकीला प्रयोगशाळेतल्या काकांनी जाड पुठ्ठा लावून दिला, तेव्हा काळ्या स्लाइडवरचा आकडा निम्म्यावर आला. चारपट तफावत सातपटीच्या आसपास गेली. वर्ग अंधारा करायची गरज नव्हती, मुलांच्या वह्यांवर उजेड तसाच राहिला. पडद्यावर पडणारा उजेडच तेवढा अडवायचा असतो. ज्यांना असं करता येतं त्यांनी हे रंग बदलण्याच्या आधी करावं. आमच्याकडे पुठ्ठा पावसाळ्यात काढावा लागतो, म्हणून स्लाइड मी अजूनही जुन्या, वाईट आकड्यासाठीच ठेवल्या आहेत.

पिवळ्याबद्दलही सांगते, कारण सोबतच्या शिक्षिकांनी लगेच तोच विचारला: "ताई, पिवळ्याने महत्त्वाचे शब्द दाखवले तर?" पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दिसतच नाहीत, तफावत एकाच्या जवळपास असते. काळ्या अक्षरांमागे पिवळा पट्टा मात्र चांगला उठतो. फक्त काही डीएलपी प्रोजेक्टर पांढऱ्याचा उजेड वाढवण्यासाठी रंगांच्या फिरत्या चकतीत एक बिनरंगी भाग ठेवतात. त्यांच्यावर पांढरा उजळ दिसतो पण भरीव रंग त्या मानाने गडद पडतात आणि पिवळ्याचा मोहरीसारखा रंग होतो. तिथे पट्टा `FFF2A0` सारखा फिका घ्यावा. मेनूमधून सिनेमाचा किंवा sRGB चा मोड निवडला तर रंग सुधारतात, पण एकूण उजेड कमी होतो, आणि आमच्यासारख्या दिव्याला ते परवडत नाही.

नवा संच लावला तेव्हा मी शेवटच्या बाकावरच्या मुलांना फक्त बोट दाखवायला सांगितलं, फुप्फुसधमनी कुठली आणि तिच्यात रक्त कसलं. त्यांनी आकाशी नळी दाखवली. एका मुलीने मग विचारलं, धमनी आहे तर ती लाल का नाही. धडा तिथून पुढे नेता आला.

आम्ल-आम्लारींच्या धड्यातली वैश्विक दर्शकाची पट्टी मी स्लाइडवरून काढून टाकली आहे. तिथे रंगछटा हाच आशय आहे. 6 चा पिवळसर आणि 7 चा हिरवा यांतला फरक आमच्या भिंतीवर येत नाही आणि तो उजळपणात बदलून दाखवता येत नाही. त्या तासाला प्रयोगशाळेतून खरा दर्शक, चार परीक्षानळ्या आणि छापील रंगपट्टी वर्गात येते आणि बाकांवरून फिरते.